दंतवैद्याचा चार ओळींचा निरोप

रात्र रात्र जागवणारी दाढ घेऊन माणूस दंतवैद्याकडे येतो, तेव्हा त्याला वेळेची आठवण करून द्यावी लागत नाही. दवाखान्याचे शटर वर जायच्या आधीच तो पायरीवर बसलेला असतो. डॉक्टर दाढ बधिर करतात, वरून छोटे छिद्र पाडून आतली सुजलेली नस काढतात, नळ्या धुऊन त्यात औषध भरतात आणि वर पांढरे तात्पुरते सिमेंट दाबून देतात. पुढच्या आठवड्याची वेळ केस पेपरवर लिहिली जाते. त्या रात्री माणूस महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोपतो, आणि दोन-चार दिवसांत दाढ आपल्याला आहे हेसुद्धा विसरतो.

छोट्या दवाखान्यांची खरी अडचण इथून सुरू होते. दुखणे थांबले म्हणजे उपचार संपला, असे रुग्णाला मनापासून वाटते. पण ते तात्पुरते सिमेंट थोड्या दिवसांसाठीच असते. चावून चावून ते झिजते, कडेने फट पडते, त्या फटीतून लाळ आणि जंतू परत आत शिरतात. शिवाय आतून पोखरलेली दाढ कॅपशिवाय ठिसूळ राहते. एखाद्या दिवशी शेंगदाण्याच्या चिक्कीवर किंवा सुपारीच्या खांडावर ती उभी चिरते. मूळापर्यंत चिरलेली दाढ बहुतेक वेळा काढावीच लागते. अर्धवट सोडलेल्या रूट कॅनालची गोष्ट अशी दात गमावण्यात संपते, आणि तिची सुरुवात झालेली असते एका विसरलेल्या संध्याकाळी.

ती संध्याकाळ विसरली जाऊ नये म्हणून दवाखाने मोबाइलवर निरोप धाडतात. आठवणीच्या निरोपाने फरक पडतो का, हे तपासून झालेले आहे. वैद्यकीय पुरावे पारखून घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये अशा ८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. त्यांत साडेसहा हजारांहून अधिक माणसे होती. मोबाइलवर निरोप मिळालेले लोक निरोप न मिळालेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात वेळेवर आले, आणि प्रत्यक्ष फोन करून जेवढा उपयोग होतो जवळपास तेवढाच लिखित निरोपाने झाला, तोही कमी खर्चात. त्यामुळे निरोप पाठवावा की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. तो कसा लिहावा, हा आहे. चार ओळींच्या मजकुरात किती गोष्टी बिघडू शकतात, हे पाहिले की त्या लिहिणाऱ्या रिसेप्शनवरच्या ताईंबद्दल आदर वाटू लागतो.

आपण एक निरोप समोर ठेवू. एखाद्या तालुक्याच्या गावातला एका खुर्चीचा दवाखाना, सुनीताताई नावाच्या साठीतल्या बाई, रूट कॅनालची दुसरी सिटिंग गुरुवारी. निरोप मंगळवारी संध्याकाळी जाणार आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर.

नमस्कार सुनीताताई 🙏
गुरुवार, २० ऑगस्ट, सायंकाळी ५:३० वाजता आपली दवाखान्यात भेट ठरली आहे. 🦷
दुखणे थांबले असले तरी ही भेट चुकवू नका. निघण्याआधी थोडे खाऊन घ्या. उपवास असेल तर फराळ करून या. रोजची औषधे चुकवू नका.
येणार असाल तर 👍 पाठवा. जमणार नसेल तर बुधवारी दुपारपर्यंत फोन करा, दुसरी वेळ देऊ.

खाली दवाखान्याचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि फोन नंबर. बस्स.

पहिली ओळ नावाची. आपल्याकडे एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस, असे नसते. सुनीताताईंचा नंबर म्हणून केस पेपरवर लिहिलेला नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा असू शकतो, सुनेचा असू शकतो, किंवा घरात सगळे मिळून वापरतात त्या एका फोनचा. निरोपात नाव नसेल तर मुलगा विचारात पडतो, वेळ आईची की बाबांची? दोघांचेही दात तिथेच दाखवलेले असतात. म्हणून नाव हवे, आणि ते ‘प्रिय ग्राहक’ किंवा ‘आदरणीय रुग्ण’ असे गोल नको. ताई, काका, आजी, सर, मॅडम, ज्या नावाने त्या माणसाला दवाखान्यात हाक मारली जाते तेच निरोपात यावे.

फोन घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात असू शकतो, याचा आणखी एक अर्थ आहे. निरोपात उपचाराचे नाव लिहू नये. ‘रूट कॅनाल’ हा शब्द कोणाला फार खाजगी वाटणार नाही, पण कवळी वाटते. तोंडातल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवलेला असेल तर त्याची ‘रिपोर्टची भेट’ अशी जाहीर आठवण तर अजिबात नको. लग्न ठरायच्या बेतात असलेल्या मुलीच्या पुढच्या दाताबद्दल घरच्यांशिवाय कोणाला कळण्याचे कारण नाही. म्हणून ‘दवाखान्यात भेट’ एवढेच. बाकी उरलेले पैसे, मागच्या वेळी न आल्याचा उल्लेख, हेही या निरोपात नको. त्यासाठी फोन आहे. केस पेपर भरतानाच ‘आठवणीचा मेसेज कोणत्या नंबरवर पाठवू? व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल का?’ असे विचारून रुग्णाचे उत्तर लिहून ठेवणे हा साधा शिरस्ता आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही देशात २०२३ मध्ये झाला आहे, आणि आरोग्याची माहिती ही ज्याची त्याची असते, हे दवाखान्याला त्याआधीही ठाऊक होते.

दुसरी ओळ वेळेची. इथे सर्वांत जास्त घोळ घालणारा शब्द म्हणजे ‘उद्या’. निरोप बुधवारी पाठवला आणि रुग्णाने तो गुरुवारी सकाळी चहासोबत वाचला, तर ‘उद्या’ शुक्रवार होतो. ‘येत्या गुरुवारी’ म्हणजे हा की पुढचा, यावरून घरात वाद होऊ शकतो. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहायचे. एक चुकले तरी दुसरे सावरून घेते, आणि दोन्ही जुळत नसतील तर रुग्ण स्वतःच फोन करून विचारतो. ‘सायंकाळी’ हा शब्दही गाळू नये. ५:३० एकवेळ चालून जाईल, पण नुसते ‘८ वाजता’ म्हटले तर पहाटे उठणारे आजोबा सकाळी दारात हजर होतात. आकडे मराठीत लिहिले तर वाचायला गोड वाटतात, पण साठीपुढच्या डोळ्यांना बारीक अक्षरांत १ आणि ९ सारखेच दिसतात, हे ध्यानात ठेवावे. फोन नंबर मात्र मी इंग्रजी आकड्यांतच लिहीन. बऱ्याच फोनवर तो आपोआप निळा होतो आणि नुसते बोट लावले की लागतो. मराठी आकड्यांतला नंबर सहसा असा लागत नाही, तो पाठ करून पुन्हा दाबावा लागतो.

आता चित्रांकडे येऊ. निरोपात तीन इमोजी आहेत, आणि प्रत्येकाला काम दिलेले आहे. 🙏 नमस्काराजवळ आहे, म्हणजे शब्द जे म्हणतो तेच चित्र म्हणते. 🦷 पाहिला की दिवसभरात आलेल्या पन्नास मेसेजांच्या गर्दीतही ‘हा दातांच्या डॉक्टरांचा’ हे वाचण्याआधीच कळते. दवाखान्याचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर ही ओळख फार कामाची. आणि 👍 हे उत्तराचे बटण आहे. ज्या आजींना मराठी टाइप करता येत नाही, त्यांनाही अंगठा पाठवता येतो. नातवंडांच्या फोटोंवर त्या रोज पाठवतातच.

जे इमोजी घेतले नाहीत त्यांची कारणे जास्त बोलकी आहेत. 📅 हे कॅलेंडरचे चित्र तारखेशेजारी टाकावेसे कोणालाही वाटेल. पण आयफोनवर आणि इतरही अनेक फोनवर त्या छोट्या कॅलेंडरवर एक ठरलेली तारीख छापलेली असते, १७ जुलै. आपण २० ऑगस्ट लिहायचे आणि शेजारचे चित्र १७ जुलै म्हणायचे, हे ज्याला चष्म्यातून बारीक दिसते त्याच्यासाठी गोंधळाचेच. ⏰ घड्याळाचीही तीच गत. त्याचे काटे जिथे आहेत तिथेच राहतात, आपली वेळ काहीही असो. तारीख आणि वेळ या दोन गोष्टी शब्दांनीच सांगाव्यात, चित्रांनी नाही.

💉 तर दंतवैद्याच्या निरोपात कधीच नको. दातांच्या खुर्चीला घाबरणारी माणसे नेमकी सुईलाच घाबरतात. हे चित्र अनेक फोनवर बरीच वर्षे रक्ताच्या थेंबांसह दिसत होते. लसीकरणाच्या काळात, २०२१ मध्ये अ‍ॅपलने आपल्या चित्रातले रक्त काढून टाकले. पण सुई ती सुईच. 😬 हे दात दाखवणारे तोंड गमतीचे वाटेल, पण ते अवघडल्याचे, आता काही खरे नाही असे सांगणारे तोंड आहे. दुसऱ्या सिटिंगला जावे की न जावे या विचारात असलेल्या माणसाला ते पाठवणे म्हणजे त्याच्या भीतीला दुजोरा देणे झाले. 😁 बद्दल मतभेद आहेत. काहींना ते चकचकीत हसू दिसते, काहींना दात विचकलेले. इतक्या अधांतरी चित्राला गंभीर निरोपात जागा देऊ नये, असे माझे मत.

दाताचे चित्र तसे नवे आहे. 🦷 २०१८ साली जगभरच्या इमोजींच्या यादीत आले, आणि टूथब्रश 🪥 त्यानंतर, २०२० मध्ये. त्याआधीचा, कधीही अपडेट न केलेला फोन असेल तर तिथे दाताच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. एक चौकोन कोणी मनावर घेत नाही, पण ओळीने पाच चौकोन दिसले तर रुग्णाला मेसेज बिघडलेला किंवा फसवा वाटतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीही संख्येला अर्थ आहे. त्यांचा फोन मेसेज वाचून दाखवतो आणि प्रत्येक इमोजीचे नाव मोठ्याने उच्चारतो. ओळीच्या शेवटी एक दात ऐकायला काही वाटत नाही; पण वाक्याच्या मध्ये चार तारे, दोन फुले आणि तीन हृदये आली की मूळ वाक्य ऐकणाऱ्याच्या हातून सुटते. म्हणून इमोजी वाक्याच्या शेवटी, मोजके, आणि त्यांच्यावाचूनही अर्थ पुरा होईल असेच असावेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर अक्षरांची फार चिंता नसते. पण साध्या एसएमएसने निरोप पाठवायचा असेल तर हिशेब एकदम बदलतो, आणि तो बऱ्याच डॉक्टरांना बिल आल्यावर कळतो. इंग्रजी लिपीतला एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरीत मात्र एका एसएमएसमध्ये ७० च बसतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलंत हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘नमस्कार’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. यंत्र तो सात मोजते. आपल्या निरोपाच्या पहिल्या दोन ओळी, म्हणजे नमस्कारापासून दातापर्यंत, मोजल्या तर ९२ भरतात. म्हणजे अजून सूचना, फोन नंबर काही सांगितलेले नाही आणि दुसरा एसएमएस सुरू झाला. मजकूर एकापेक्षा जास्त तुकड्यांत गेला की प्रत्येक तुकड्यात ६७ च अक्षरे बसतात, कारण तुकडे पुन्हा जोडण्याची खूण थोडी जागा खाते. पैसे तुकड्यांप्रमाणे लागतात.

याची दुसरी बाजू इंग्रजीत पाठवणाऱ्यांना नडते. इंग्रजी लिपीतला १५० अक्षरांचा सुटसुटीत निरोप एका एसएमएसमध्ये जातो. त्याच्या शेवटी हौसेने एक 🦷 चिकटवला, तर त्या एका दातामुळे सगळा मजकूर देवनागरीसाठी लागणाऱ्या पद्धतीने पाठवला जातो. दात स्वतः दोन अक्षरांची जागा घेतो, एकूण १५२. ६७ च्या हिशेबाने त्याचे तीन तुकडे होतात. एका चित्रापायी तिप्पट पैसे. महिन्याला शेकडो निरोप जाणाऱ्या दवाखान्यात हे लहान राहत नाही.

म्हणून एसएमएसची आवृत्ती वेगळी आणि आटोपशीर लिहावी लागते. ‘नमस्कार. गुरु. २० ऑगस्ट, सायं. ५:३० ला आपली वेळ आहे.’ एवढ्यालाच ५२ लागतात. उरलेल्या १८ जागांत दवाखान्याचे छोटे नाव बसवायचे की दोन तुकड्यांचा खर्च सोसून फोन नंबरही द्यायचा, हे दवाखान्याने ठरवायचे. माझा कौल दोन तुकड्यांना. ज्या निरोपातून परत फोन करता येत नाही, तो अर्धा निरोप आहे. त्यातून असा एसएमएस कंपनीच्या नावाने येतो, त्याला उलट उत्तर देताच येत नाही. तिथे ‘👍 पाठवा’ लिहिणे म्हणजे रुग्णाला भिंतीशी बोलायला सांगणे. तिथे ‘येणार असाल तर या नंबरवर मिस्ड कॉल द्या’ असे लिहावे.

आपल्या देशात असा ठोक एसएमएस कोणीही उठून पाठवू शकत नाही, हेही दवाखान्यांना सुरुवातीला माहीत नसते. दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याची नोंदणी, मेसेजवर दिसणारे नाव आणि मजकुराचा साचा, तिन्ही आधी मंजूर करून घ्यावे लागतात. साच्यात नाव, तारीख, वेळ यांच्यासाठी रिकाम्या जागा सोडलेल्या असतात आणि तेवढ्याच बदलता येतात. मंजूर साच्यात नसलेला शब्द आयत्या वेळी घुसडला, तर मेसेज वाटेतच अडवला जातो. रुग्णाला काहीच मिळत नाही आणि दवाखाना मात्र निरोप गेला असे समजून बसतो. रुग्णालाही इथे एक ओळखीची खूण मिळते. आता अशा मेसेजच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असते. -S म्हणजे सेवेचा निरोप, -P म्हणजे जाहिरात. आठवणीच्या खाली ‘दात पांढरे करण्यावर सवलत’ जोडली की सेवेची जाहिरात होते. ही भेसळ नियमात बसत नाही, आणि बसली असती तरी करू नये. एकदा दवाखान्याचे मेसेज जाहिरातीचे वाटू लागले की माणूस न उघडताच पुसतो, आणि त्यात गुरुवारची वेळही पुसली जाते.

एका खुर्चीच्या दवाखान्याला यातले काहीच नको असेल तर दवाखान्याच्या वेगळ्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपचे व्यावसायिक अ‍ॅप पुरते. त्यात तयार उत्तरांची सोय आहे. एकदा साचा साठवून ठेवला की / टाइप करून तो निवडायचा आणि नाव, वार, तारीख, वेळ बदलून पाठवायचा. घाईत नेमकी इथेच चूक होते. आधीच्या रुग्णाची वेळ बदलायची राहून जाते आणि दोन माणसे साडेपाचला समोरासमोर येतात. पाठवण्याआधी वहीतली ओळ आणि पडद्यावरची ओळ एकदा बोट ठेवून ताडून पाहणे, याला अजून पर्याय सापडलेला नाही.

तिसऱ्या ओळीकडे वळू, कारण दंतवैद्याचा निरोप तिथेच बाकीच्यांपेक्षा वेगळा ठरतो. ‘थोडे खाऊन घ्या’ हे प्रेमाने लिहिलेले वाटते, पण त्यामागे कारण आहे. दाढ बधिर करण्याचे इंजेक्शन घेताना पोट रिकामे असेल आणि मनात भीती असेल, तर काही माणसांना घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती खुर्चीतच गळून जातात. मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवण मात्र ‘डॉक्टरकडे जायचे आहे’ म्हणून टाळले, तर साखर घसरून तेच होते. शिवाय दाढ बधिर झाल्यावर काही तास नीट चावता येत नाही. चावलेच तर गाल किंवा जीभ चावली जाते आणि कळतही नाही. आधी खाल्लेले बरे, ते यासाठी.

आणि आपली सुनीताताईंची वेळ गुरुवारची आहे. महाराष्ट्रात गुरुवार म्हणजे दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा उपवास धरणारी कितीतरी घरे. श्रावणात सोमवार आणि शनिवारही जोडीला येतात, मग संकष्टी, एकादशी. वेळ देतानाच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर टाकून ‘त्या दिवशी उपवास नाही ना?’ असे विचारणाऱ्या रिसेप्शनिस्टच्या दवाखान्यात आयत्या वेळी रद्द होणाऱ्या वेळा कमी असतात, कारण रुग्ण फोन न करता घरीच राहण्याचे एक मोठे कारण आधीच निकालात निघालेले असते. तरीही दिवस बदलता आला नाही, तर ‘फराळ करून या’ हे तीन शब्द रुग्णाचा उपवासही सांभाळतात आणि त्याची साखरही.

औषधांबद्दलचे वाक्य मी मुद्दाम ‘चुकवू नका’ असे ठेवले. ‘औषधे घेऊन या’ असे लिहिले तर निम्मे लोक गोळ्या खाऊन येतात आणि निम्मे पिशवीत भरून आणतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून दंतवैद्याकडे येणारे रुग्ण कमी नाहीत. दात काढताना रक्त थांबणार नाही, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. त्या गोळ्या थांबवल्याने होणारा धोका हिरडीतून थोडे जास्त रक्त येण्यापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो, आणि तो निर्णय दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर मिळून घेतात. एसएमएसने हा निर्णय देऊ नये. ‘रोजची औषधे चुकवू नका, शंका असेल तर फोन करा’ इथवरच त्याची मजल.

पण हीच तिसरी ओळ डोळे मिटून सर्वांना पाठवली तर घात करू शकते. लहान मुलाचे बरेच दात एकदम दुरुस्त करायचे असतील आणि त्यासाठी त्याला पूर्ण भूल द्यायची असेल, तर त्याने ठरलेल्या तासांपूर्वीपासून काहीही खायचे नसते. त्याच्या आईला ‘थोडे खाऊ घालून आणा’ असा आपोआप निरोप गेला, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. आणि आईने खाऊ घातल्याचे सांगितलेच नाही, तर पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका उभा राहतो. म्हणून अशा रुग्णांची नावे साच्याच्या यादीतून बाहेर काढावीत आणि त्यांना माणसाने फोन करावा. सूचना ऐकणाऱ्याने ती परत बोलून दाखवली की मगच फोन ठेवावा.

शेवटची ओळ, माझ्या मते, सगळ्या निरोपाचा प्राण आहे. आठवण करून देणे हे निरोपाचे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे जो येणार नाही त्याच्याकडून ‘नाही’ वेळेत मिळवणे. एका खुर्चीच्या दवाखान्यात रूट कॅनालसाठी पाऊण तास ते तास राखून ठेवलेला असतो. अवजारे निर्जंतुक करून बांधलेली असतात. रुग्ण आलाच नाही तर तो तास परत भरता येत नाही, आणि त्याच संध्याकाळी दुखरी दाढ घेऊन फोन करणाऱ्या दुसऱ्या कोणाला सकाळीच ‘आज जागा नाही’ असे सांगून झालेले असते. म्हणून निरोप दोन दिवस आधी जायला हवा. आदल्या रात्री गेलेला निरोप आठवण करून देतो, पण मोकळी झालेली जागा दुसऱ्याला द्यायला वेळ ठेवत नाही. भेटीच्या दिवशी सकाळी एक ओळ पुन्हा गेली तर चांगलेच. त्यापेक्षा जास्त मेसेज म्हणजे तगादा.

लोकांना येण्याची किंवा कळवण्याची बुद्धी कोणत्या शब्दांनी होते, यावर लंडनच्या सरकारी रुग्णालयांत एक प्रयोग झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या निरोपाने ११.१ टक्के लोक न कळवता गैरहजर राहत होते. ‘आपण न आल्यास आरोग्यसेवेला सुमारे १६० पौंडांचा खर्च येतो’ असे वाक्य घातल्यावर ते प्रमाण ८.४ टक्क्यांवर आले. नुसते वाक्य बदलून एवढा फरक, हे मोलाचे आहे. पण ते वाक्य जसेच्या तसे आपल्या गल्लीतल्या खाजगी दवाखान्यात चालणार नाही. तिथे सरकारी, म्हणजे सर्वांचा पैसा वाया जातो. इथे तेच वाक्य डॉक्टरांनी स्वतःचे नुकसान सांगितल्यासारखे वाटेल, आणि वीस वर्षे त्याच डॉक्टरांकडे येणाऱ्या माणसाला ते लागेल. आपल्याकडे ‘जमणार नसेल तर फोन करा, दुसरी वेळ देऊ’ हे पुरते, कारण ते न येण्याची लाज काढून घेते. न कळवता गैरहजर राहणाऱ्या पुष्कळ माणसांना नकार द्यायचा संकोच असतो; डॉक्टर रागावतील, मग पुढच्या वेळी कसे जायचे, असे वाटून ती फोन टाळतात, आणि मग पुढची वेळही टळते. ‘दुसरी वेळ देऊ’ हे शब्द त्यांच्यासाठी आहेत.

उत्तर आले की ते नीट वाचणे हे दवाखान्याचे काम. अंगठा, ‘ok’, ‘येते’, ‘ho’, नातवाच्या आवाजातली व्हॉइस नोट, सगळे होकारच. पण दोन निळ्या रेषा म्हणजे होकार नव्हे. मेसेज फोनवर उघडला गेला, एवढेच त्या सांगतात. कोणी उघडला, ते नाही. बुधवारी दुपारपर्यंत उत्तर नसेल तर रिसेप्शनवरून एक फोन व्हावा. अर्ध्यावर असलेल्या रूट कॅनालच्या, ताज्या टाक्यांच्या आणि कवळीचे माप दिलेल्या रुग्णांना तर नक्कीच. बाकीच्यांचे पुढच्या आठवड्यावर गेले तरी फारसे बिघडत नाही.

वाचकांपैकी कोणाच्या फोनवर असा निरोप आला, तर वेळ जमणार असो वा नसो, उत्तर द्या. जमणार नसेल तर तेही मोकळेपणाने कळवा. डॉक्टर रागावत नाहीत, त्या तासात कळवळत आलेल्या दुसऱ्या कोणाला तरी घेतात. आणि रूट कॅनाल अर्ध्यावर असेल, दाढ गेले पंधरा दिवस एकदाही दुखली नसेल, तर आजच फोन करून पुढची वेळ घ्या.